गोपिकाचा अर्धा तास

गोपिका गेली त्या दिवशी दादाजीच्या वहीत तिचा अर्धा तास आराम लिहिलेला होता. अक्षर त्याचंच होतं.

कामठी रोडवरच्या एका जिनिंगात दादाजी टाइमकीपर होता. गेटला लागून त्याची खोली, खोलीला खिडकी, खिडकीखाली खिळ्यांची फळी. सकाळी साडेसातला भोंगा व्हायचा आणि बाया रेच्यांवर उभ्या राहायच्या. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र. एका बाईकडे दोन रेचे. कोणालाही पाच तासांवर सलग उभं ठेवायचं नाही, त्याच्या आत अर्धा तास आराम द्यायचा, हा कायदा. पण रेचे थांबवायचे नाहीत, हा मालकाचा हिशोब. म्हणून बाया पाळीपाळीनं सुटायच्या. सुटणारी बाई आपला पितळी बिल्ला फळीवर लटकवायची, दादाजी नंबर पाहून वेळ लिहायचा, आणि ती शेडमध्ये जाऊन भाकर खायची. तिचे रेचे तेवढा वेळ शेजारीण सांभाळायची. त्याला जोड म्हणत. जोड लावणारीच्या नावापुढे जादा काम चढायचं.

त्या दिवशी दुपारी दादाजी ओव्हरटाइमचं पान आखत होता. नऊ तासांच्या वर काम गेलं की दुप्पट मजुरी, आणि जादा धरूनही दिवसाला दहाच्या वर जाऊ द्यायचं नाही. तेवढ्यात रेच्यांचा आवाज बंद झाला. सगळ्यांचा, एकदम. हंगामात असं कधी होत नसे. त्यानं मान वर केली तेव्हा दोन माणसं खाटेसाठी धावत होती.

रेच्याच्या पट्ट्यात त्याच्या बायकोचं, गोपिकाचं, लुगडं गुंतलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

चौथ्या दिवशी कारखान्यातून तिच्या वस्तू घरी आल्या. चपला आणि जेवणाचा डबा. डबा हातात जड लागला. दादाजीनं झाकण काढलं. दोन भाकरी, अंबाडीची भाजी, वरून फोडलेला कांदा. सगळं जसंच्या तसं, फक्त बुरशी धरलेलं.

तो डब्याकडे पाहत बसला. बारा वाजता तिचा बिल्ला फळीवर आला होता, साडेबाराला उचलला गेला होता. भूक लागली की गोपिका कोणाची वाट पाहणारी नव्हती. मग अर्धा तास तिनं शेडमध्ये काय केलं?

डबा आणणारी सिंधूताई अजून दारातच उभी होती. ती रेच्यावर गोपिकाच्या बाजूलाच असायची.

"सिंधूताई, ही जेवली काहून नाई?"

"मले काय माहीत, भाऊ."

"तू तिच्या बाजूले राहत होती ना वं?"

सिंधूताईनं पदर तोंडाला लावला. "थे शेडमंधी येतच नव्हती, भाऊ. दिवाळीपासून. तिचा बिल्ला मीच आणून लटकवत होतो. माह्या हातात दोन बिल्ले राहत, तुम्ही कधी वर पाह्यलंच नाई."

नाही पाहिलं. तो नवराबायकोचा ठराव होता. गोपिका कामावर लागली तेव्हा बायांनी टोमणे मारले होते, "हिचं काय, हिचा नवराच घड्याळ हाये!" त्यावर दोघांनी घरी ठरवलं की कारखान्यात तो टाइमकीपर आणि ती चौदा नंबर. चौदा नंबरचा बिल्ला दिसला की तो मुद्दाम मान खाली ठेवायचा. तिच्याकडे बघून हसला असं कोणी म्हणू नये. सकाळी गेटातून जाताना तीच हळूच म्हणायची, "हजेरी घ्या, साहेब." तेव्हाही तो वर बघत नसे.

"आरामात काय करत होती मंग?"

"जोड. आपली पाळी आली तरी दुसरीचे रेचे, वहीत न चढवता. मुकादम रुपरावभाऊंनं सांगतलं होतं, जे जोड सोडन नाई तिले पावसाळ्यात तेलघाणीवर ठेवीन. हंगाम सरला का आमाले घरीच बसा लागते ना, भाऊ."

"मले काहून नाई सांगतलं तिनं?"

"तुम्ही खोडलं असतं."

खरं होतं. मागच्या साली प्रयागबाईची जोड त्यानं खोडली होती. आराम झाल्याशिवाय जादा काम चढत नाही, असं खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं होतं. थकलेला हात आधी चुकतो आणि मग दुखतो, म्हणून हा नियम आहे, हे त्यानं रात्री गोपिकालाही समजावलं होतं. ती चुलीपाशी ऐकत होती. मान डोलावत होती.

रुपराव मुकादम त्याच्याच गावचा. दोघं एका बंडीत बसून नागपूरला आले होते, आणि रुपरावला कामाला लावताना जामीन दादाजीच राहिला होता. दादाजी कामावर गेला तेव्हा तो रेच्यांच्या रांगेत उभा होता. दादाजीनं त्याला बाजूला घेतलं.

"रुपराव, तिले सहा घंट्यांच्या वर उभं ठेवलं तू. पदर खोचून काम करणारी बाई थे. पदर सुटला हे समजलं नाई तिले, इतकी थकली होती."

"मी ठेवलं? जोड तिनं मांगतली. मी कोणाच्या मागं काठी घेऊन लागत नाई."

"आराम सोडून जोड देता येत नाई, तुले माहीत हाये."

"आराम झाला ना गा तिचा!" रुपराव म्हणाला. "बारा ते साडेबारा. वही तुह्या हातची हाये. मी तं अंगठेबहाद्दर माणूस."

आणि खरोखर अंगठा वर करून दाखवला. हसला नाही, एवढंच.

शुक्रवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. मॅनेजरनं वही पुढे ठेवली. इन्स्पेक्टरांनी पान पाहिलं. सुरुवात साडेसात, आराम बारा ते साडेबारा, अपघात सव्वादोन. "यात तर काहीच चुकलेलं दिसत नाही," ते म्हणाले.

"साहेब, थो आराम झाला नाई," दादाजी म्हणाला. "बिल्ला आला, बाई आली नाई. मी बिल्ला लिहिला."

"म्हणजे तुमची नोंद खोटी?"

"होय साहेब."

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं दुःख मी समजतो. पण नवरा म्हणतो नोंद खोटी आणि टाइमकीपर म्हणतो खरी, आणि दोघं एकच. दुसरं कोणी सांगेल?"

दादाजीनं सिंधूताईचं नाव सांगितलं. तिला बोलावलं. ती आली, आणि तिच्या मागे रुपराव दारात येऊन उभा राहिला.

"चौदा नंबर त्या दिवशी आरामाला आली होती?"

सिंधूताईनं दादाजीकडे पाहिलं नाही. "आली होती, साहेब. माह्यासंगच जेवली."

"सिंधूताई," दादाजी म्हणाला, "डबा तूच आणला ना वं घरी?"

तिनं मागे रुपरावकडे पाहिलं. इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं. आराम दिलेला होता, अपघात कामगाराच्या निष्काळजीपणानं. दादाजीनं वेगळी जबानी दिली. ती त्यांनी कागदांना जोडली, पण निकाल तोच राहिला.

पावसाळ्यात सिंधूताई तेलघाणीवर लागली. तिचा राग दादाजीला करता आला. रुपरावचाही आला, तो तर अजून आहे. पण गोपिकाचा कसा करावा, हे त्याला कळत नाही. रोज रात्री ती त्याच्या ताटात भाकर वाढायची, आणि तो विचारायचा, "आज जेवली का टायमात?" ती म्हणायची, "तुमच्या वहीत नाई का लिहिलं?" तो हसायचा.

आता दादाजी प्रत्येक बिल्ल्यामागचं तोंड पाहतो. एका हातात दोन बिल्ले दिसले तर दुसरीला बोलावून आणेपर्यंत लिहीत नाही. बाया कटकट करतात, "म्हाताऱ्याचं लयच झालं बाई," म्हणतात. करू देत.

ती जुनी वही मॅनेजरच्या कपाटात आहे. चौदा नंबरच्या पुढचा तो अर्धा तास अजून खोडायचा राहिला आहे.