पाटीवरचा दुसरा आकडा

परदेशातून आलेली वस्तू कुणी दुकानात आणली की मी ती आधी उलटी करतो. गिऱ्हाईक तिचं कौतुक सांगत असतं, कुठल्या भाच्याने पाठवली, किती वजनाच्या सामानातून आली, आणि मी तळाची पाटी शोधत असतो. किती व्होल्ट, किती हर्ट्झ, किती वॅट. दुरुस्तीच्या धंद्यात तीस वर्षं काढली आणि न वाचता वायर खुपसणाऱ्या माणसांचा मला अजूनही मनापासून राग येतो. त्यामुळे पुढचं सांगताना माझीच मान खाली जाते, पण सांगायला हवं.

आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून गाण्याच्या बाई राहतात. वय चौऱ्याहत्तर. दर शनिवारी पाच वाजता त्यांच्या पुढच्या खोलीत वर्ग भरतो आणि बेसूर गाणाऱ्याची तिथे खैर नसते. त्यांच्या मुलाने परदेशातून जुना रेकॉर्ड प्लेअर पाठवला, तोही एकाच गोष्टीसाठी. बाई सव्वीस वर्षांच्या असताना त्यांच्या एका गाण्याची छोटी तबकडी निघाली होती. तिची एकुलती एक प्रत कपाटात पडून होती आणि ती वाजवायला घरात वर्षानुवर्षं काही नव्हतं.

मला बोलावलं बाईंच्या मुलीने. ती बँकेत नोकरी करते आणि आईजवळच राहते. मी पोचलो तर ती प्रवासात वापरतात तसला अ‍ॅडॉप्टरचा जोड घेऊन भिंतीतल्या सॉकेटपाशी उभी होती.

"काका, याच्यावर अडीचशे व्होल्ट लिहिलंय. लावू ना?"

"हात लावू नका!" मी जवळजवळ ओरडलोच. "ते अडीचशे त्या जोडाचं आहे. तो तेवढं सोसतो, एवढाच त्याचा अर्थ. तो नुसती पिन बदलतो, वीज बदलत नाही. यंत्राला काय सोसतं ते यंत्राच्या पाठीवर लिहिलेलं असतं."

मग मी प्लेअर उलटा करून चष्मा लावला आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवली. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १४ वॅट. वायरीला दोन चपट्या पिना. आपल्याकडे दोनशे तीस व्होल्ट. सरळ लावला असता तर मोटर जळून खोलीभर वास सुटला असता. मी दोनशे तीसचे एकशे वीस करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. त्याच्या एका बाजूला आपली तीन गोल पिनांची वायर, दुसऱ्या बाजूला चपट्या पिनांचं सॉकेट. यंत्र चौदा वॅटचं, ट्रान्सफॉर्मर शंभराचा, म्हणजे काळजी नको. मी भलताच खूश होतो.

मुलगी मात्र वाकून पाटी वाचत होती. "काका, इथे साठ लिहिलंय. आपल्याकडे पन्नास असतं ना? शाळेत शिकवलं होतं."

"तेवढं चालतं हो," मी म्हणालो. "शेगडी घ्या, दिवा घ्या, मिक्सर घ्या, त्यांना काही फरक पडत नाही. निश्चिंत वापरा."

आणि मी निघून आलो.

तीन आठवड्यांनी ती दुकानात आली. चेहरा उतरलेला. मला वाटलं, यंत्र बिघडलं.

"यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "आईचंच काहीतरी बिघडलंय." आणि मग तिथेच, सोल्डरच्या धुरात उभी राहून तिने सगळं सांगितलं.

तबकडी पहिल्यांदा लावली तेव्हा वर्गातली सगळी मंडळी जमली होती. गाणं सुरू झालं आणि बाई म्हणाल्या, "ही मी नव्हे." आधी सगळे हसले. बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या. ही कुणी दुसरीच बाई आहे, हिचा आवाज जाड आहे, ही रेंगाळतेय. मग पेटी पुढे ओढून म्हणाल्या, मी काळी चारमध्ये गायले होते, ही पांढरी चारमध्ये गातेय, पेटीवर चक्क तीन पट्ट्या खाली. तबकडीवर त्यांचं नाव छापलेलं, आणि त्या म्हणतात मी नव्हे. मुलीने समजूत घातली की तेव्हा सूर खाली घेतला असेल, तू विसरली असशील. बाई चिडल्या. आठवडाभर रोज लावून ऐकत राहिल्या, आणि एके दिवशी चिडायच्या थांबल्या.

"मला म्हणाली, ज्याला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही, त्या माणसाने दुसऱ्यांचे सूर कुठल्या तोंडाने सुधारायचे? येत्या शनिवारी शेवटचा वर्ग. तिच्या सांगण्यावरून मी सगळ्यांना निरोपही पाठवलाय. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतलीय. काका, तुम्ही फक्त एकदा येऊन यंत्र बघा. ते ठीक आहे असं तुमच्या तोंडून ऐकलं की तिच्या मनातली शंका तरी जाईल."

मी पिशवी उचलली. खरं सांगतो, वाटेत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं होतं असं, दोन गोड शब्द बोलू आणि येऊ, इतकंच.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. एरवी मला पाहिलं की विचारायच्या, घसा कसा आहे, अजून तंबाखू खाता का. त्या दिवशी नुसत्या "या" म्हणाल्या. मला ते फार लागलं.

मी तबकडी लावली. वेगाचा खटका बघितला, तो मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवरच होता आणि तबकडीही पंचेचाळीसचीच. कुठे घरघर नाही, आवाज हेलकावत नाही. कुणा बाईचा भारदस्त, संथ आवाज. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई पेटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पहिल्या ओळीत तीन पट्ट्या खाली, शेवटच्या ओळीतही तीनच. किंचित जास्तच. माणूस चुकला तर इतका सारखा चुकत नाही हो. तेवढंच मला कळत नाही."

मी तबकडी उचलून मधला कागद वाचला. सवयच ती. गाण्याची वेळ छापली होती, तीन मिनिटं दहा सेकंद. मी घड्याळ काढलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद भरली.

"कागदाचा एक कपटा द्या," मी मुलीला म्हणालो. तो तबकडीखालच्या फिरत्या चकतीच्या कडेला चिकटवला आणि मिनिटभर फेरे मोजले. पंचेचाळीस व्हायला हवे होते. सदतीस झाले आणि वर अर्धा.

साठाला पन्नास, तर पंचेचाळीसाला किती? हा हिशेब चौथीतलं पोरही करील. यंत्र मी उलटं केलंच नाही, गरजच नव्हती, पाटी मला पाठ होती.

"बाई," मी म्हणालो. "तुमचा कान शाबूत आहे. चूक माझी आहे."

मग मी सांगितलं. ही मोटर विजेच्या ठेक्यावर फिरते. वीज सेकंदाला साठ हेलकावे देईल या भरवशावर तिची चाकं बनवलीत. आपली वीज पन्नासच देते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हेलकाव्यांना तो हात लावत नाही. शेगडीला त्याचं काही नसतं, पण हे यंत्र सहातला एक भाग हळू फिरतं. हळू फिरलं की गाणं लांबतं आणि सूर उतरतो. "या ताईंनी मला विचारलं होतं. मी शहाणपणा करून म्हणालो, तेवढं चालतं."

मुलीचा हात तोंडाशी गेला.

मी चकती उचलली. खाली मोटरची बारीक पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा जातो. पुली जाड केली की चकती जोरात फिरते. बारा मिलिमीटरची होती, साडेचौदाला जराशी कमी हवी. नवी पुली लेथवर करून घ्यावी लागणार होती, पण उद्यापर्यंत थांबायचं माझ्या जिवावर आलं. पिशवीत काळी चिकटपट्टी होती. तिची अरुंद फीत कापून पुलीवर पाच वेढे दिले, पट्टा चढवला, चकती ठेवली, तबकडी लावली.

बाईंनी खुर्ची पेटीपाशी ओढली आणि काळी चार दाबून धरली.

"खाली आहे," त्या म्हणाल्या.

दोन वेढे आणखी. "अजून खाली. पण आता माणसात आली."

आणखी एक. "केसभर."

मी नववा वेढा दिला. गाणं सुरू झालं आणि खोलीत एक तरणीताठी मुलगी गायला लागली. पातळ, धारदार, थोडी घाईत, कुणाच्या बापाला न भिणारी. पेटीचा सूर आणि तिचा सूर एकात एक मिसळले. बाईंचा हात पट्टीवर तसाच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"ही मी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कडव्यात श्वास चोरलाय बघ. तेव्हाही गुरुजी त्यावरून ओरडले होते."

मी मिनिटभर फेरे मोजले. बरोबर पंचेचाळीस. माझ्याआधी ते बाईंनी नुसतं ऐकून सांगितलं होतं.

मुलगी आईच्या पायाशी बसली आणि हमसून रडायला लागली. "मी तुला डॉक्टरकडे नेणार होते गं."

"नेणार होतीस खरी," बाई म्हणाल्या. "आणि मी मुकाट्याने आले असते. त्याचीच मला जास्त भीती वाटली."

मी सामान आवरत सांगून टाकलं की उद्या पितळेची पुली करून आणतो, आणि मोटर पन्नासावर उगीच तापू नये म्हणून शंभर व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मरही लावतो. दोन्हीचं काही घेणार नाही. पाय दाराकडे वळले होते. तेवढ्यात बाईंची वर्गातली हाक आली. "थांबा. कागद घ्या. काय चुकलं ते लिहा आणि खाली सही करा. त्या पाटीशेजारी चिकटवा."

मी लिहिलं. यंत्र साठ हर्ट्झचं आहे, आपली वीज पन्नास. पुली बदलली आहे. आधीची चूक दुरुस्ती करणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे. खाली सही केली आणि यंत्र उलटं करून चिठ्ठी पाटीशेजारी चिकटवली. बाईंनी वाकून ती वाचली आणि माझं अक्षर फार वाईट आहे असं सांगितलं.

मग त्या मुलीकडे वळल्या. "शनिवारी पाचलाच यायला सांग सगळ्यांना. आणि त्या निरोपात शेवटचा वर्ग असं लिहिलंयस ना, ते आधी खोड."