बबिताची मुख्य तक्रार

दाढ काढायची म्हणूनच मी सुनेला परभणीला आणलं होतं. सून म्हणजे बबिता, माझ्या परमेश्वरची बायको. बऱ्याच दिवसांपासून तिनं आमच्या भाजीला हात लावायचं सोडलं होतं. वेगळ्या पातेल्यात सपक वरण करायची, दुधात भाकरी कुस्करायची आन् आमी जेवायला बसलो की आपलं ताट घेऊन दाराआड. विचारलं तर म्हणे दाढ दुखती. दाढ दुखती म्हणून मिरचीशी कोणी वैर धरतं का? आमच्या पेडगावात असल्या दुखण्याला एकच नाव हाय, वेगळी चूल पाहिजे. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, दाढ काढून आणू. मग बी पातेलं वेगळंच राहिलं तर मागच्या खोलीत संसार मांडायचा, माझ्या चुलीपाशी यायचं न्हाई.

दाताच्या कॉलेजात केसपेपर काढला आन् आमाला खुर्च्यांच्या हॉलमध्ये पाठवलं. दोन खुर्च्यांच्या मध्ये खांद्याएवढं पार्टिशन. आमच्या वाट्याला वरद नावाचा शिकाऊ डॉक्टर आला. बबिताला खुर्चीत बसवलं, मी शेजारी उभी.

"काय त्रास होतो, ताई?"

"डाव्या अंगाची खालची दाढ," मी म्हणाले. "किडलीय. काढून टाका."

"कधीपासून?"

"झाला की महिना."

"ठणका मारते? रात्री जास्त?"

"मारती तर. त्याच्याबिगर कोण एस्टीचे धक्के खात येतंय?"

त्यानं भराभर लिहिलं. मी सांगायला असताना बबिता कशाला बोलंल? मग त्यानं हातमोजे चढवले, तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला आन् सरळ दाढेकडं निघाला.

"आ करा. अजून मोठा. घाबरू नका, पूर्ण उघडा."

"इतकंच उघडतंय," बबिता पुटपुटली.

"नखरे हायेत," मी म्हणाले. "भाकरी बरी जाती."

तेवढ्यात त्याच्या मॅडम आल्या, सुमंगला मॅडम. त्यांनी कागद वाचला, बबिताकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वरद, दाढ ठणकते, रात्री जास्त. हे शब्द कोणाचे?"

"पेशंटचे, मॅडम... म्हणजे सासूबाईंनी सांगितलं."

"मग खुर्चीत सासूबाईंना बसव." त्यांनी लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली. "मुख्य तक्रार पेशंटच्या शब्दांत. तिथं चुकलास तर पुढचं सगळं भलत्या वाटेनं जातं. आणि दाढ दाखवली म्हणून आधी दाढ धरायची नाही. पहिल्यापासून घे. आजी, तुम्ही जरा पलीकडच्या बाकावर बसा."

"माझ्या सुनेचं मला ठाऊक हाय."

"असेल. आम्हाला तिच्याकडून पाहिजे."

मला बाजूला बसवणारं माणूस आमच्या भावकीत जन्माला आलेलं न्हाई. पण बाई डॉक्टर होती. बसले. पार्टिशनच्या आडून सगळं ऐकू येत होतं.

"ताई, तुम्हाला स्वतःला काय त्रास आहे?"

वरदनं घाई केली न्हाई. मग बबिताचा आवाज आला. "तोंडात आग होती."

"कुठं?"

"दोन्ही गालांत, टाळूला. तिखट लागलं की डोळ्यातून पाणी येतंय. गेल्या सुगीत थोडी व्हायची, आता वरणानंबी होती."

"कशानं कमी होते?"

"गार पाण्यानं. दुधानं."

"आणि दाढ?"

"दाढेत घास अडकतो. दुखत न्हाई. तोंडातली आग कुणाला दाखवता येती का? दाढ दाखवता येती. म्हणून आत्यांना दाढ सांगितली."

मी पदर नीट केला आन् ऐकत राहिले.

आधी कुठला दात काढलाय का, बीपी, शुगर, कुठली गोळी चालू हाय का, कशाची ॲलर्जी, दिवस गेलेत का, घरात आणखी कोणाला असं होतंय का. एकेक विचारून तो लिहीत होता. मग म्हणाला, "काही व्यसन?"

"न्हाई."

मॅडम मधी बोलल्या. "व्यसन म्हणून विचारलंस तर कोण हो म्हणेल? दिवसभरात काय खातात ते विचार."

"ताई, येताजाता तोंडात काय टाकता?"

"सुपारी. पुडीतली, गोड. रानात निंदायला गेल्यावर सगळ्याच बाया खातेत."

"दिवसाला किती?"

"चार-पाच पुड्या. लग्नाच्या आधीपासून."

"थुंकता की गिळता?"

"गालात धरते. रस गिळते."

मला राहवलं न्हाई. पार्टिशनवरून मी म्हणाले, "गोड सुपारी आमी पाहुण्याला देतो! ते काय व्यसन झालं?"

"व्यसन म्हणा, पाहुणचार म्हणा, गालाला फरक पडत नाही," मॅडम म्हणाल्या. "या आत. पण फक्त पाहायला."

मग तपासणी, तीबी आरामात. तोंडात हात घालायच्या आधी वरदनं खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. "फिक्या आहेत," म्हणाला, "रक्त तपासू." जबड्याखाली, मानेला गाठी चाचपल्या. कानापुढं बोटं ठेवून जबडा उघड-मीट करायला लावला. मग बबिताला तिचीच तीन बोटं उभी करून दातांच्या मधी घालायला सांगितली. दोनच गेली, तीबी ओढूनताणून. त्यानं पट्टीनं मोजलं. "चोवीस मिलिमीटर." मला म्हणाला, "आजी, एरवी चाळीसच्या आसपास उघडतं."

दाढ अजूनबी राहिलीच होती. आधी ओठ, मग गाल, जीभ, टाळू. त्यानं गाल बाजूला ओढला आन् मॅडमनी मला वाकून बघायला लावलं. आतली कातडी लाल असायची ती पांढुरकी, फरशीच्या दगडावानी. वरदनं आतून बोट फिरवलं. "उभे पट्टे लागतायत. दोन्हीकडं." जीभ बाहेर काढायला सांगितली, ती ओठाच्या पुढं फारशी आली न्हाई.

सगळ्यात शेवटी दात. दाढेला खड्डा होता. आरशाच्या दांड्यानं हळूच ठोकलं, बबिता हलली न्हाई. गार बोळा लावला, झिणझिणलं आन् बोळा काढताच थांबलं.

"तात्पुरतं निदान?" मॅडमनी विचारलं.

वरदनं आपलाच कागद वरून खालपर्यंत एकदा पाहिला. "ओरल सबम्युकस फायब्रोसिस. आग, तोंड कमी उघडणं, गालातले पट्टे, सुपारी. दाढेची कीड वेगळी. नस जिवंत वाटते, एक्स-रे पाहून भरता येईल."

"एवढं उलटसुलट विचारून तात्पुरतंच का?" मी म्हणाले.

"विचारून आणि पाहून जे दिसलं ते हे," मॅडम म्हणाल्या. "गालाचा बारीक तुकडा तपासला की पक्कं सांगू. सुपारीनं कातडीखालचा भाग घट्ट होत जातो. यातून काहींना कॅन्सर होतो, म्हणून तपासायचं."

"बरं होतंय का?"

"तोंड पहिल्यासारखं होईल असा शब्द देत नाही. सुपारी कायमची बंद, औषध, तोंड उघडायचा व्यायाम. वाढू द्यायचं नाही, हे पहिलं."

बबिता नळावर चूळ भरत होती. पाठमोरीच. मी तिच्या पिशवीत हात घातला, सुपारीच्या पुड्यांची माळ निघाली, ती मॅडमच्या टेबलाखालच्या बादलीत टाकली. बबितानं वळून पाहिलं.

वरद म्हणाला, "आजी, तिखट, मसाला बंद. यांच्यापुरतं वेगळं शिजवावं लागेल. घरी चालेल ना?"

"वेगळं कशाला? मिरची टाकायच्या आधी हिच्या वाट्याचं काढून ठेवायचं. एवढं कळायला कॉलेज लागत न्हाई. लिही ते."

"आजी, हे लिहायला कागदावर जागा नाही."

"मग जागा कर."

रक्त द्यायला दुसऱ्या खोलीत जायचं होतं. जिन्यावर बबितानं खालच्या आवाजात विचारलं, "आत्या, मागची खोली?"

"मागच्या खोलीत कडबा टाकायचाय," मी म्हणाले. "चल पुढं, रांग लय हाय."