परिचयातली रिकामी ओळ

दिवाळीनंतरच्या महिन्यात माझ्याकडून सात पॉलिसी झाल्या. तेरा वर्षांत एका महिन्यात तीनच्या वर मी कधी गेले नव्हते. कारण मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. कारण म्हणजे माझा परिचय.

आमच्या समाजाची व्यवसाय-परिचय पुस्तिका दिवाळीला निघते. नंदुरबारच्या बाजारात ज्यांची ज्यांची दुकानं आहेत, त्या प्रत्येकाला अर्धं पान मिळतं. पुस्तिका काढतात माझे चुलत सासरे पन्नालालजी. साड्यांचं त्यांचं दुकान पन्नास वर्षांचं आहे. यंदा त्यांनी मलाही पान दिलं. मी मजकूर आधी विमा कंपनीला पाठवला, कारण कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय प्रतिनिधीला स्वतःची जाहिरात छापता येत नाही. मंजूर होऊन आला तो असा: एकता अरिहंत कोटेचा, एम.एस्सी. रसायनशास्त्र. आयुर्विमा प्रतिनिधी, २०१२पासून. विमा नियामकाची परीक्षा उत्तीर्ण. परवाना २०१२चा, सध्या कंपनीची नेमणूक चालू. एजन्सी क्रमांक. फोन. पॉलिसीची माहिती, वारस नोंदणी, दाव्याची कागदपत्रं यांत मदत. शाखाधिकाऱ्यांनी ‘विश्वासू’ हा शब्द सुचवला होता, तो मुख्य कार्यालयाने कापला. मला बरंच वाटलं होतं.

माझे पती अरिहंत मजकूर वाचून म्हणाले होते, हा परिचय आहे की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी? सात पॉलिसी झाल्यावर मी त्यांना त्याची आठवण करून दिली. लोकांना साधं, खरं लिहिलेलं कळतं, असं मी जेवताना दोनदा बोलले.

पाच डिसेंबरला, शुक्रवारी, मी रनाळ्याला नवनीतभाऊंकडे गेले. सातांतले ते पहिले. पुढच्या हप्त्यांसाठी बँकेच्या फॉर्मवर त्यांची सही हवी होती. नवनीतभाऊ माझे जुने सहकारी. लग्नानंतर चार वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा ते प्रयोगशाळेत परिचर होते. मे महिन्यात निवृत्त झाले. मोठ्या दोघी मुली सासरी, धाकटी ममता नववीत. तिला पुढे मेडिकलला पाठवायचं एवढाच त्यांचा हिशोब होता.

ओट्यावर शेजारचे सुकलाल बसलेले होते. मी आत ममताच्या आईशी, भिकुबाईंशी बोलत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. सुकलाल विचारत होते, पैसा अडकणार तर नाही ना.

“लिखेल शे ना आठे,” नवनीतभाऊ अहिराणीत म्हणाले, इथे लिहिलंय ना. “पाच वर्समा दुप्पट. मॅडमना फोटू शे, नंबर शे. आखो काय पाहिजे तुले?”

मी बाहेर आले. त्यांच्या हातात पुस्तिका होती, पान दुमडून ठेवलेलं. मी ती घेतली. माझ्याकडची प्रत मी मुखपृष्ठ पाहून कपाटात ठेवली होती. मजकूर मंजूर झालेलाच आहे, मग पुन्हा काय वाचायचं, असं मला वाटलं होतं. प्रयोगाचं उत्तर आधीच माहीत असलेला विद्यार्थी जसा काटा न वाचता आकडा लिहितो, तसं.

माझा फोटो होता. माझी प्रत्येक ओळ जशीच्या तशी होती. खाली, प्रत्येक पानावर असलेल्या ‘विशेषता’ या रकान्यात, जाड अक्षरांत छापलं होतं: पाच वर्षांत दुप्पट, शंभर टक्के गॅरंटी.

मी ते तीन वेळा वाचलं. अक्षरं बदलली नाहीत. पुस्तिका मी उगाचच छातीशी धरली होती, जणू कुणी आणखी वाचू नये.

भिकुबाई चहा घेऊन आल्या. मी कप घेतला नाही. मी खाली बसले आणि म्हणाले, “भाऊ, हे मी लिहिलेलं नाही. आणि हे खरं नाही.”

सुकलाल उठून उभे राहिले. नवनीतभाऊ हसले. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं.

मी त्यांना पॉलिसी आणायला सांगितली. ऑक्टोबरच्या शेवटी याच ओट्यावर मी त्यांना सगळं समजावलं होतं. दरवर्षी ऐंशी हजार, दहा वर्षं. पैसे पंधराव्या वर्षी. बोनस कंपनीच्या नफ्यावर, त्याची हमी नाही. चार टक्के आणि आठ टक्के धरून मांडलेला लाभाचा तक्ता त्यांच्या सहीसकट पॉलिसीला जोडलेला होता. हे दर फक्त उदाहरणादाखल आहेत, असं त्यावर छापलेलं होतं. ममताच्या कॉलेजसाठी हे पैसे वेळेवर येणार नाहीत, हेही मी सांगितलं होतं, आणि ते म्हणाले होते, त्याचं मी बघतो. कंपनीतून खात्रीचा फोन आला, तेव्हा त्यात स्पष्ट प्रश्न होता: याखेरीज कुणी काही आश्वासन दिलं का? त्यांनी नाही म्हटलं होतं.

“मग फोनवर तुम्ही ‘नाही’ असं का सांगितलंत?” मी विचारलं.

“मॅडमनी तोंडानं दिलं नव्हतं. छापलेलं होतं.”

“आणि मी समोर बसून सांगितलं ते?”

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

“मॅडम, तुम्ही लॅबमधी मिठाच्या बरणीवर पण ‘चाखू नये’ असं लेबल लावायला सांगायच्या. डिस्टिल्ड वॉटरवर पण. मी चार वर्षं लेबलं चिकटवली. मला वाटलं, ही तुमची सवय शे. धोका नसला तरी तुम्ही सांगणारच.”

सात जणांनी माझं ऐकून घेतलं होतं, मान हलवली होती, सह्या केल्या होत्या, आणि मी तो माझ्या शब्दांचा गुण समजले होते. परिणाम खरा होता, पण मी त्याला कारण भलतंच लावलं होतं. वर्गात या चुकीसाठी मी मुलांचे गुण कापत असे.

मग भिकुबाईंनीच विचारलं, आता काय.

पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत, पटलं नाही तर ती परत करता येते. पहिल्या हप्त्यातून मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि गेल्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी सगळं परत मिळतं. नवनीतभाऊंचा कागद सहा नोव्हेंबरला आला होता. तिसावा दिवस उद्याचा, शनिवार, आणि शनिवारी शाखा बंद. दोन वाजून गेले होते. शाखा पाचला बंद होते.

मी त्यांना काय करा असं सांगितलं नाही. पॉलिसीच्या कागदात जे आहे तेवढंच पुन्हा सांगितलं: पैसे पंधरा वर्षांनी, बोनसची हमी नाही, मध्ये सोडली तर तोटा. ते उठले, घरात गेले आणि पांढरा सदरा घालून आले.

मोटरसायकल त्यांनी चालवली, मी मागे पुस्तिका आणि पॉलिसी धरून बसले.

शाखाधिकारी रायसिंग पाडवी धडगावकडचे, कमी बोलणारे. त्यांनी रद्द करण्याचा अर्ज दिला. अर्जात कारण लिहायची जागा होती. नवनीतभाऊंनी पेन थांबवलं आणि विचारलं, इथे मॅडमचं नाव येईल का, त्यांना त्रास होईल का. मी म्हणाले, जे झालं ते लिहा. त्यांनी लिहिलं, ‘पुस्तिकेत पाच वर्षांत दुप्पट वाचून घेतली होती.’ पावणेपाचला पोचेवर शिक्का बसला.

मग मी पुस्तिकेचं पान आणि शाखेच्या फाइलमधून काढलेला मंजुरीचा कागद साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

“हे दुसऱ्या कुणी आणून दिलं असतं तर?” ते म्हणाले.

“म्हणून मीच आणलं.”

मला लेखी खुलासा द्यावा लागेल, तो वर जाईल, चौकशी होईपर्यंत नवीन काम घ्यायचं नाही, आणि नेमणूक राहीलच असं ते सांगू शकत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. उरलेल्या सहा जणांची नावं आणि कागद मिळाल्याच्या तारखा मी तिथेच लिहून दिल्या. सगळ्यांचे दिवस शिल्लक होते. कुणाचे तीन, कुणाचे अकरा.

पन्नालालजी दुकानात गादीवर होते. समोर पुस्तिकांची थप्पी. लग्नाचा बस्ता घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते एक देत होते. नवनीतभाऊंनाही मोठ्या मुलीची दिवाळीची साडी घेताना इथूनच मिळाली होती. मी पान उघडून समोर धरलं. ते आनंदले. म्हणाले, बेटा, तू तो रकाना रिकामाच पाठवला होतास. साऱ्या पुस्तिकेत एकटी तूच. शेजारच्या पानावर रंगाची गॅरंटी, पुढच्यावर तुपाची, आणि आपल्या घरच्या सुनेचं पान उघडं? लोक म्हणतील, हिचा हिच्या मालावर भरोसा नाही.

“काकाजी, माझ्या मालाला रंगाची गॅरंटी देता येत नाही,” मी म्हणाले आणि नवनीतभाऊंची पोच त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. कारणाची ओळ वाचली. मग दाराशी उभ्या नवनीतभाऊंकडे पाहिलं. हे गिऱ्हाईक तीस वर्षांचं. पन्नालालजींचा हात थप्पीवर होता, तो तसाच राहिला. त्यांनी विचारलं, किती जणांनी वाचलं असेल. साडेसहाशे प्रती गेल्या होत्या. त्यांनी थप्पी उचलून गादीखाली सरकवली आणि कुणी पुस्तिका मागितली तेव्हा मान खाली घालून नाही म्हणाले.

बाहेर आल्यावर मी यादी काढली. ज्यांचे तीनच दिवस उरले होते त्या जसोदाबाई, विसरवाडीच्या फाट्यावर भांड्यांचं दुकान असलेल्या. मी स्पीकरवर फोन लावला. पूर्ण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हो ताई, तुम्ही सांगता ते बरोबरच आहे, तुम्हाला सांगावंच लागतं ना. आणि फोन ठेवला.

माझी नेमणूक जाईल याची भीती दुपारपासून होतीच. नेमणूक राहिली तरी माझं बोलणं राहिलं नव्हतं.

नवनीतभाऊंनी शिक्क्याची पोच खिशातून काढून घडी नीट केली.

“चला मॅडम,” ते म्हणाले. “विसरवाडीले मोटरसायकलवरच जाऊ. तुम्ही मागे बसा. जसोदाबाईंना मी सांगतो.”