उभी गल्ली

नव्या घरांची यादी लागली त्या संध्याकाळी काजवाली कारखान्यातून परस्पर प्रकल्पाच्या ऑफिसवर गेली. दिवसभर शर्टांना काजं करून डोळे शिणलेले. फळ्यावर आपलं नाव शोधायला तिला दोनदा बोट फिरवावं लागलं. जिना दोन. मग तिने समोरच्या मावशीचं नाव पाहिलं. जिना तीन.

सासूबाईंना फिट यायची. काजवाली कामावर असताना घरात काही धडपडलं, की मावशी हातातलं टाकून गल्ली ओलांडून हजर. मावशी दुसऱ्या जिन्यात गेली तर काजवालीला नोकरी सोडून घरी बसावं लागणार होतं.

तशी योजना चांगली होती. सहा गल्ल्यांतली शहाण्णव बैठी घरं पाडून त्याच जागेवर सहा जिने. प्रत्येक जिन्याला पाच मजले, मजल्यावर चार दारं, म्हणजे एकशेवीस घरं. वाढलेली चोवीस माळ्यांवरच्या भाडेकरूंना. बांधकाम होईपर्यंत शेजारच्या मैदानात पत्र्याच्या खोल्या. आणि एका गल्लीला एक जिना, असं सभेत कबूल झालं होतं. गल्ली नुसती उभी करायची. थकलेले खाली, धडधाकट वर.

"मग आपल्या गल्लीची चिरफाड कुणी केली?" तीही यादी पाहायला आलेली मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तिसऱ्या जिन्यात मी भांडू कुणाशी? तिथली माणसं मला ओळखतसुद्धा नाहीत."

काजवाली यादीसमोर उभीच राहिली. तिच्या जिन्यात तिच्या ओळीतली आठही घरं होती. उरलेली आठ पाठच्या ओळीतली. त्यांची दारं पलीकडच्या गल्लीत उघडायची. भिंतीतून ऐकू येणाऱ्या खोकल्यापलीकडे ती त्यांना ओळखत नव्हती. शेजारी टांगलेल्या नकाशाकडे तिचं लक्ष गेलं. नकाशा वरून काढलेल्या फोटोवरून बनवलेला. वरून गल्ल्या दिसतच नव्हत्या. दिसत होते छपरांचे लांब पट्टे, आणि एकेका पट्ट्याखाली पाठीला पाठ लावलेल्या दोन ओळी. ऑफिसने एक पट्टा म्हणजे एक गल्ली धरली होती. दोन्ही टोकांना उरलेल्या एकेरी ओळी तर उचलून सहाव्या जिन्यात कोंबल्या होत्या.

"साहेब, ही गल्ली नाही, ही भिंत आहे," तिने ऑफिसातल्या इंजिनीअरला दाखवलं.

इंजिनीअर चष्मा पुसत राहिला. "ताई, हरकतीला सात दिवस आहेत. पण मला पुरावा लागेल. तोंडी विचारलं तर जो तो आवडीचा शेजारी सांगेल."

"आवडीचं नको, गरजेचं विचारते. घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "विचारा. कागद मी देतो."

रविवारी ती नकाशाची प्रत, टाचण्या आणि कारखान्यातला लाल दोरा घेऊन निघाली. ज्याची किल्ली ज्याच्याकडे, त्या दोन घरांत दोरा. मावशी मागोमाग होतीच. कुणी कां-कूं केलं तर ती म्हणायची, "अरे, किल्ली विचारतोय, तिजोरी नाही!"

संध्याकाळपर्यंत शहाण्णवांपैकी एक्याऐंशी घरांतून दोरे निघाले. अडुसष्ट दोरे गल्ली ओलांडून समोरच्या दारात, बारा त्याच ओळीत. पाठची भिंत ओलांडणारा एकच.

"हा कुणाचा?" दुसऱ्या दिवशी इंजिनीअरने विचारलं.

"न्हाव्याच्या बायकोचा. तिचं माहेर पाठीमागे. नवऱ्याशी वाजलं की किल्ली आईकडे."

ऑफिसातला कारकूनही खो खो हसला. इंजिनीअर मात्र नकाशावर वाकून दोरे स्वतः मोजत होता. अडुसष्ट. पुन्हा मोजले. मग नकाशा उचलून त्याने वरिष्ठ बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"बांधकामाचं काही बदलतं?" बाईंनी विचारलं.

"एक वीटही नाही, मॅडम. जिने तेच, दारं तीच. फक्त नावं हलतात."

"सगळ्यांची संमती?"

काजवालीने रविवारीच दारोदार फिरवलेला अर्ज पिशवीतून काढला. शहाण्णव सह्या आणि अंगठे. बाईंनी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं आणि पेन उघडलं.

नवी यादी शुक्रवारी लागली. कुठल्या गल्लीला कुठला जिना, ते चिठ्ठ्यांनी ठरलं. आतले मजले गल्लीने आपसांत वाटायचे होते. ऑफिसने त्यासाठी तीन दिवस राखून ठेवले होते.

शनिवारी सकाळी काजवालीची गल्ली मैदानात सतरंजीवर बसली. तळाच्या चारपैकी पहिलं दार सासूबाईंना, हे सगळ्यांनी एका दमात मान्य केलं.

"समोरचं मावशीला," रंगारी म्हणाला.

"मी काय म्हातारी झाले?" मावशी उसळली.

"म्हातारी नाही गं, धावणारी. पाचव्या मजल्यावरून धावत येशील का?"

"आणि पाचवा मजला घेणार कोण?"

"मी! आयुष्यभर लोकांच्या उंच भिंती रंगवल्या. आता तिथे बसून तुमच्या डोक्यांवरून हवा खातो."

"तुझ्या बायकोला विचारलंस का?" कुणीतरी ओरडलं, आणि सतरंजीभर हशा उसळला. बायकोने पाचव्यासमोर ठसठशीत अंगठा उमटवला.

तासाभरात वीस दारं वाटून झाली. भाडेकरूंची चारही मधल्या मजल्यांवर, विखुरलेली, म्हणजे कुणी उपरं वाटू नये. बाकीच्या पाच गल्ल्याही दुपारपर्यंत कागद घेऊन ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. इंजिनीअरला जेवणाचा डबा उघडायलाही फुरसत मिळाली नाही.

काजवालीने वाटपाच्या कागदावर तळमजल्याच्या चौकटीत आधी सासूबाईंचं नाव लिहिलं, समोरच्या चौकटीत मावशीचं, आणि आठवड्याची रजा संपली, नोकरी सोडत नाही, सोमवारी कामावर येते असा निरोप कारखान्याला धाडून दिला.