पहिला तास गप्प

सायकलदुरुस्तीचे व्हिडिओ टाकणाऱ्या त्या बाईच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. पहिल्या तासात आलेल्या कमेंटना उत्तरं दिली, तर व्हिडिओ पुढे खरंच जास्त चालतो का? तिच्या एडिटरने युक्ती सांगितली. व्हिडिओ नेहमीच्याच वारी, नेहमीच्याच वेळी टाकायचा. आधी नाणं उडवायचं. छापा आला की पहिला तास प्रत्येकाला उत्तर, काटा आला की तोंडाला कुलूप. तासानंतर दोन्हीकडे गप्प. आठवड्याने व्ह्यूज आणि कमेंट बघायच्या, तिची स्वतःची उत्तरं वजा करून.

काट्याच्या दिवशी मोह नको म्हणून ती फोन बंद करून कपाटात ठेवायची. कमेंट वाचायचीही नाही. नुसते आकडे.

काही महिन्यांनी आकडे जुळवले. व्ह्यूज जवळपास सारखेच होते. कमेंट मात्र गप्प राहिलेल्या व्हिडिओंवर जास्त! बाई हरखली. "बघ, उगाच मान मोडून उत्तरं देत होते मी. आता बंद."

"व्हिडिओ थोडेच आहेत, एवढ्यात उड्या नको मारूस," एडिटर म्हणाला. "आणि एकदा वाचून तरी बघ."

तिने नाक मुरडत वाचायला घेतलं. गप्प व्हिडिओंखाली 'जुना पाना' नावाचा कुणीतरी ठाण मांडून बसला होता. ज्याला त्याला उत्तर देत होता, लोक त्याला उलट विचारत होते, गप्पा लांबत होत्या. चाक डुगडुगतंय म्हणणाऱ्या एकाला त्याने लिहिलं होतं, "चाक लाजतंय तुमचं. ब्रेकपासून जिथे अंग चोरतंय, तिथले आरे बघा."

चाक लाजतंय. असं जगात एकच माणूस म्हणायचा. बाबा.

तिचे कान तापले. पूर्वी बाबा प्रत्येक व्हिडिओखाली "शाब्बास माझी बबडी" लिहायचे. लोक हसतात म्हणून तिनेच त्यांना दटावून बंद करायला लावलं होतं.

तिने फोन लावला. "बाबा, जुना पाना तुम्हीच ना?"

"सापडलो वाटतं," ते ओशाळून हसले. "रागावू नकोस गं. तू एकदा भरभरून बोलायचीस, एकदा चिडीचूप. फोन करावा तर बंद. म्हटलं गिऱ्हाईक ताटकळतंय, तोवर गल्ला आपण सांभाळू. तू बोलत असलीस की मी मध्ये तोंड घालत नव्हतो हां."

स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. प्रयोग बाबांनी बिघडवला, असं एडिटरला सांगायचीही सोय नव्हती.

पहिल्या गप्प व्हिडिओवर ती परत गेली. अगदी वरची, पहिला तास सरता सरता आलेली कमेंट जुन्या पान्याचीच होती. आपल्याच लेकीला त्यांनी परक्यासारखं विचारलं होतं, "ताई, आज कुणाशीच बोलला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

ती कमेंट तिने मोजली होती. एक म्हणून.