अकरा जूनचं ठिगळ

पत्र टाईप होऊन टेबलावर पडलं होतं आणि संघप्रियाने त्यातली तिसरी ओळ चौथ्यांदा वाचली. 'द्रोणागिरी गोदामाच्या बॅनरची मूळ फाईल यांच्या निष्काळजीपणामुळे खराब झाली, याबद्दल समज देऊन कार्यमुक्त करण्यात येत आहे.' खाली सहीची जागा रिकामी होती.

"सर, हे पत्र घेऊन मी महापेला गेले तर ते मला गेटातूनच परत पाठवतील."

"मग फाईल पुन्हा तयार कर," सुधीर सर म्हणाले. "पाचला सरोजिनी मॅडम येतायत. फाईल झाली तर ओळ काढायची की नाही ते बघू."

बघू म्हणे. सात वर्षं रबाळ्याच्या या फ्लेक्स छपाईच्या गाळ्यात बाईने मान मोडून डिझाईनं केली. सोमवारी तिला महापेच्या खोक्यांच्या कंपनीत हजर व्हायचं होतं, तिथे मागच्या कामाचं स्वच्छ पत्र मागितलं होतं, आणि हा माणूस सांगतोय बघू.

खराब झाली म्हणजे फाईल उडाली नव्हती. उडाली असती तर बरं, निदान रडून मोकळं होता आलं असतं. फाईल जागच्या जागी होती, नावही तेच होतं. पण आत सगळं चपटं. वीस फूट बाय दहा फुटांचा तो सुरक्षेचा बॅनर. त्यातली हेल्मेटं, बाण, ट्रक, यार्डाचा नकाशा, तीन भाषांतला मजकूर, हे सगळं एकेकाळी सुटं होतं, म्हणून हवं ते हलवता यायचं, बदलता यायचं. आता त्याचं मिळून एकच चित्र झालं होतं. कालवलेल्या भेळेतून शेव वेगळी काढा म्हणण्यातली गत.

आणि गोदामाच्या सरोजिनी मॅडमना दुसऱ्या यार्डासाठी तोच बॅनर हवा होता, नकाशा बदलून.

कोरलमध्ये, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, आधीच्या सेव्हची बॅकअप फाईल आपोआप राहते, ती तिने सकाळीच उघडली. तीही चपटी. म्हणजे ज्याने कुणी केलं त्याने दोनदा सेव्ह केलं होतं. मग शनिवारची हार्डडिस्क. दर शनिवारी सगळं काम त्या डिस्कवर उतरवायचं काम संघप्रियाचंच. 'या नावाची फाईल आहे, बदलू का' असं कॉम्प्युटरने विचारल्यावर तिने नेहमीसारखं हो म्हटलं होतं, आणि चांगल्या फाईलीवर वाईट फाईल स्वतःच्या हाताने चढवली होती. सुधीर सरांनी नेमकं हेच धरलं. "डिस्कला हात कोणाचा लागतो? तुझा." हो, हात तिचाच होता, आणि ते तिला दाताखालच्या खड्यासारखं टोचत होतं.

"ताई, ट्रेस मारा की एका क्लिकमध्ये," मशीनजवळून आशुतोष म्हणाला. हा सुधीर सरांचा भाचा, बत्तीस वर्षांचा, फ्लेक्सची छपाई बघायचा. "ऑटोला टाका, मी यूट्यूबला बघितलंय."

"तू बघितलंयस ना, मग तूच कर."

तो हसला आणि मशीनकडे वळला.

तरीही तिने एक हेल्मेट ऑटोला टाकून, कॉम्प्युटरलाच गिरवायला लावून पाहिलं. कडा करवतीसारख्या दातेरी, त्यावर चारशे-पाचशे बिंदू आणि रंगाचे बारीक बारीक तुकडे. असलं हेल्मेट मोठं केलं तर माणसाच्या डोक्यावर फणस ठेवल्यासारखं दिसेल. तिने ते पुसलं. चपटं चित्र सगळ्यात खालच्या थरावर, लेयरवर, टाकून कुलूपबंद केलं, फिकं केलं, वर कोरी लेयर घेतली आणि हाताने गिरवायला बसली.

हेल्मेटाला नऊ बिंदू पुरले. वळण सुरू होतं तिथे एक आणि संपतं तिथे एक, मधे उगाच टोचाटोची नाही. एक बाण नीट काढला आणि उरलेले बावीस त्याच्यावरून फिरवून बसवले. गोल होते तिथे सरळ गोल ठेवले. पिवळा रंग चित्रातून उचलला तर जागोजागी थोडा थोडा वेगळा निघायचा, म्हणून तिने तो आठवणीतून भरला. त्या रंगाचा आकडा तिला पाठ होता. गेटाजवळच्या भिंतीपुढे ट्रक होता. मूळ फाईलीत ट्रकामागे भिंत पूर्ण होती, पण चपट्या चित्राला मागचं काही नसतं. ट्रकाच्या अलीकडची रेघ आणि पलीकडची रेघ बघून तिने मधली भिंत नव्याने घातली.

मजकूर पुन्हा टाईप करायचा होता. एकेक ओळ लिहायची, फॉन्ट लावायचा, खालच्या अक्षरांवर बरोबर बसते का बघायचं, नाही बसली तर अंतर ओढायचं. मूळ बॅनर करताना मथळा तिनेच थोडा आवळला होता, तोही आता तेवढाच आवळला. दुपारी डबा उघडला पण दोन घास खाऊन झाकला.

"जसंच्या तसं पाहिजे हां," सुधीर सर मागे येऊन उभे राहिले. "तुझी कलाकारी नको. रेघ इकडची तिकडे झाली तर मॅडमच्या लक्षात येईल."

"जसंच्या तसंच करतेय."

सर गेले आणि ती आपत्कालीन फोन नंबरावर आली. नंबर तिच्या फॉन्टमध्ये बसेना. दुसराच कुठलातरी जाड फॉन्ट होता. तिने चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. नंबरामागे एक पिवळा चौकोन होता, बाकीच्या पिवळ्यापेक्षा जरासा हिरवट. आणि चौकोनाच्या वरच्या कडेतून काळ्या रेघा डोकावत होत्या, जुन्या आकड्यांचे माथे.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. सुटा नंबर समोर असताना तो बदलायचा सोडून वर पिवळं ठिगळ चिकटवायचं, हे गाळ्यात एकच माणूस करत होता. आणि त्याची दुसरी खोडही तिला माहीत होती. सावल्याबिवल्या असलेली फाईल मशीनच्या कॉम्प्युटरवर अडकली की आशुतोष सगळं सिलेक्ट करून त्याचं एकच बिटमॅप चित्र करायचा. मशीन धावायची. छपाईपुरतं ठीकच, पण वेगळ्या नावाने सेव्ह करा म्हणून त्याला सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

हार्डडिस्कवरच्या फाईलीची तारीख तिने बघितली. कॉपी केली तरी शेवटच्या बदलाची तारीख तीच राहते. अकरा जून, दुपारी पाच वाजायला वीस मिनिटं. नऊ ते चौदा जून ती परभणीला होती, बहिणीच्या बाळंतपणाला.

ती सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि तारीख सांगितली.

सुधीर सरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"नंबर बदलून घ्यायला मीच त्याला सांगितलं होतं. आता काय करू, बहिणीला जाऊन सांगू तुझा पोरगा बिनकामाचा आहे म्हणून? त्याला इथेच राहायचंय. तू तशीही चाललीस." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "मॅडमना मी सांगून बसलोय, एका मुलीने केलं, तिला काढतोय. आता शब्द फिरवू?"

संघप्रियाला त्या माणसाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. ती परत खुर्चीत येऊन बसली आणि ठिगळसुद्धा गिरवलं. तोच हिरवट पिवळा, तोच जाड फॉन्ट. जसंच्या तसं हवं होतं ना. बाजूच्या यादीत ती प्रत्येक वस्तूला नाव देत आली होती: हेल्मेट, बाण, भिंत, ट्रक. या चौकोनाला तिने नाव दिलं, 'ठिगळ ११ जून'. मग खालचं चपटं चित्र काढून टाकलं आणि फाईल सेव्ह केली.

पाचला सरोजिनी मॅडम आल्या. गोदामाच्या सेफ्टी ऑफिसर, पन्नाशीच्या, बुटांवर द्रोणागिरीची धूळ. पाणीसुद्धा घेतलं नाही. "ही का ती?" संघप्रियाकडे बघून त्यांनी सरांना विचारलं. "सहा दिवस आमचं काम अडकलंय हिच्यामुळे."

"हीच. तू ऊठ गं, आशुतोष दाखवेल." सरांनी भाच्याला खुर्चीत बसवलं. संघप्रिया भिंतीला टेकून उभी राहिली.

मॅडमनी स्क्रीनवरच्या यादीवर बोट ठेवलं. "हे ठिगळ काय आहे? अकरा जूनला तर मी माझा नंबर पाठवला होता."

"काही नाही हो, डिझाईनरचे चाळे. आशू, ते नाव काढ पहिलं."

नाव कसं बदलतात ते आशुतोषला येत नव्हतं. पण मामासमोर आणि मॅडमसमोर येत नाही म्हणणार कसं? त्याने त्याला येत होतं ते केलं. सगळं सिलेक्ट केलं, बिटमॅप केलं आणि सवयीने सेव्ह दाबलं. "झालं, गेलं नाव."

नाव गेलं होतंच. यादीत लेयरची नावं उरली होती, पण त्यांच्या पोटात काही नव्हतं; अख्खा बॅनर एका चित्रात बसला होता. दिवसभराचं काम तीन सेकंदांत.

"बरं, आता ही भिंत दहा फूट मागे घ्या," मॅडम म्हणाल्या.

त्याने भिंतीवर क्लिक केलं तर सगळा बॅनर सरकला. पुन्हा केलं, पुन्हा सरकला. मग त्याने भिंतीवर ठेवायला एक पिवळा चौकोन काढायला घेतला.

मॅडमनी आधी चौकोनाकडे बघितलं, मग आशुतोषकडे आणि मग सुधीर सरांकडे. "मागच्या वेळी पण असंच झालं का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

सरांचा चेहरा उतरला. "संघप्रिया, बघ गं जरा. होईल ना परत?"

"होईल. फाईल अजून बंद केलेली नाही, मागे जाता येतं." ती खुर्चीपाशी आली. "आशुतोष, हात काढ कीबोर्डवरून. कशालाच हात लावू नकोस." तो उठला. ती बसली, पण तिनेही कीबोर्डला हात लावला नाही. टेबलावरचं पत्र उचलून सरांसमोर धरलं. "तिसरी ओळ काढा, सर. सही, शिक्का. मग करते."

"मॅडमसमोर हे काय लावलंयस?"

"दाखवा बघू," मॅडम म्हणाल्या. पत्र घेऊन त्यांनी वाचलं आणि परत सरांच्या हातात दिलं. "मी थांबते. छापा दुसरं."

सरांनी दुसरं पत्र छापलं. सही करताना पेन दोनदा घासावं लागलं, शिक्काही तिरका बसला. संघप्रियाने पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. मग कंट्रोल झेड, केलेलं एकेक पाऊल मागे. पिवळा चौकोन गेला, सरकवलेलं चित्र जागेवर आलं, पुढच्या दाबाला हेल्मेटं सुटी झाली, बाण सुटे झाले, भिंत ट्रकामागे गेली आणि यादीत ठिगळ अकरा जून परत येऊन बसलं. तिने लगेच वेगळ्या नावाने सेव्ह केलं आणि एक प्रत मॅडमच्या पेनड्राइव्हवर दिली.

सुधीर सरांना राहवलं नाही. "एवढं सोपं होतं, तर त्या दिवशीच का नाही केलंस?"

"त्या दिवशी मी परभणीला होते, सर," संघप्रिया पर्स खांद्याला लावत म्हणाली. "रजेच्या अर्जावर सही तुमचीच आहे."