उजवं बेअरिंग

गाडी दुरुस्तीला सोडताना चिठ्ठी ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. डॉक्टरकडे जाऊन कोणी ‘माझं अपेंडिक्स काढा’ असं लिहून देत नाही, पण माझ्याकडे येणारा प्रत्येकजण अर्धा मेकॅनिक असतो. ‘गिअरबॉक्स उघडा’, ‘क्लच प्लेट बदला’, आणि बघायला जावं तर पायाखाली पाण्याची बाटली अडकलेली. म्हणून माझा नियम ठरलेला आहे. चिठ्ठी बाजूला ठेवायची, गाडी आधी स्वतः चालवायची, मग बोलायचं.

त्या दिवशी मी हा नियम मोडला, कारण चिठ्ठी उस्तादांची होती.

सकाळी शटर उघडतोय तोच काकू, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, किल्ली आणि चिठ्ठी घेऊन उभ्या होत्या. उस्ताद स्वतः गाडी आणून गल्लीच्या तोंडाशी लावून घरी परत गेले होते. आत आले नाहीत. आमच्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं काम शिकलो आणि एका दुपारी भांडून बाहेर पडलो. भांडण आवाजावरूनच झालं होतं. एका गाडीचा खडखडाट मी शॉकअपचा म्हणालो, ते म्हणाले, “तुझ्या कानावर माझं गॅरेज चालवू का? हाताने बरा आहेस, कानाने ठार बहिरा आहेस.” सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. ते वाक्य मला अजून झोंबतं. आता त्यांनी गॅरेज बंद केलं होतं, बेअरिंग दाबून काढायचा प्रेससुद्धा विकून टाकला होता, आणि गावात एवढी गॅरेजं असताना गाडी माझ्याकडे पाठवली होती. मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. माझी छाती फुगली.

चिठ्ठीत नमस्कार-चमत्कार काही नव्हतं.

‘पुढचं उजवं चाक. चाळीसच्या पुढे गुणगुणतं, साठला घुमतं. चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तरी तसंच, म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. टायर पुढचे मागे करून पाहिले, फरक नाही. उजवीकडे वळताना आवाज वाढतो. बेअरिंग काढून नवीन बसव. अॅक्सलचा नट जुना परत लावू नकोस. बाकी कशाला हात लावायचा नाही.’

वाचताना एका ठिकाणी मी अडखळलो. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डाव्या चाकांवर जातं. म्हणजे उजव्या वळणावर आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यायचा. हे मला कोणी शिकवलं? याच माणसाने. पण त्यांचं दुसरंही एक म्हणणं होतं, की वळणाचा नियम कधीकधी फसवतो, कान फसवत नाही. त्यांचा कान तर मी नऊ वर्षं पाहिला होता. गाडी गल्लीत शिरण्याआधी ते सांगायचे, मागचं डावं ब्रेक पॅड संपलंय. त्यांना उजवं ऐकू आलं म्हणजे उजवंच असणार. मी कोण शंका काढणारा? मी तर ठार बहिरा!

गाडी न चालवताच मी कामाला लागलो.

चाक उचलून हाताने फिरवून पाहिलं. गुळगुळीत फिरलं. तरी मी मनाची समजूत घातली, की हवेतल्या चाकावर भार नसतो, कधीकधी आवाज लपतो. गाडी पुन्हा खाली घेऊन, वजनावर असतानाच अॅक्सलचा नट सैल केला. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर तारेने वर टांगला, डिस्क काढली, आणि ज्या लोखंडी भागात बेअरिंग बसलेलं असतं तो अख्खा नकल सोडवून प्रेसखाली आणला. चाक ज्यावर बसतं तो हब दाबून बाहेर काढला. बेअरिंगची आतली अर्धी रिंग हबलाच चिकटून आली, तशी ती बहुतेक वेळा येतेच. पुलरने ती ओढली, बेअरिंगला अडवून धरणारी सर्कलिप काढली आणि उरलेलं बेअरिंग दाबून बाहेर घेतलं.

मग ते पेट्रोलमध्ये धुतलं आणि उजेडात धरलं.

आरसा! एक खड्डा नाही, एक ओरखडा नाही. गोळ्या चकचकीत, धुताना निघालेलं ग्रीसही मधासारखं स्वच्छ. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. गुणगुणणाऱ्या बेअरिंगच्या रिंगवर कुठेतरी पापुद्रा उडालेला असतो, रंग बदललेला असतो. इथे काहीच नाही. आणि आता ते परत बसवताही येणार नव्हतं, कारण काढताना सगळा दाब गोळ्यांवरून जातो आणि चांगलं बेअरिंगही कामातून जातं. म्हणजे मी माझ्या हाताने एक निरोगी बेअरिंग मारलं होतं.

उस्ताद चुकले? ते शक्य नव्हतं. मग मी चुकलो? चिठ्ठी चार वेळा वाचली, चारही वेळा उजवंच लिहिलेलं होतं. की हा माणूस माझी परीक्षा घेतोय? मुद्दाम चुकीचं चाक लिहायचं आणि बघायचं, हा गाढव डोकं चालवतो की नुसता हात? त्यांच्या स्वभावात ते बसत होतं. की काकूंनी चिठ्ठी लिहिली? पण अक्षर त्यांचंच होतं, ट ला उगाच शेपूट देणारं.

शेवटी फोन लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी उचलला.

“उस्ताद, मी बोलतोय.”

“हॅलो? हॅलो?”

“उस्ताद, ते बेअरिंग...”

“हॅलो! कोण आहे? बोलत का नाही?” आणि ठेवून दिला.

पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझं टाळकं सटकलं. एवढा आकस? माझा आवाज ओळखून ओळख न दाखवणारा माणूस गाडी तरी कशाला पाठवतो?

रागारागात नवीन बेअरिंग बसवलं. राग असला तरी काम नीटच केलं, बाहेरच्या रिंगवर दाब देऊन, सरळ. नवा नट टॉर्क रेंचने, ठरलेल्या जोराइतकाच आवळला. मग गाडी घेऊन बाहेरच्या रस्त्याला निघालो. चाळीसला गुणगुण सुरू. साठला घूं घूं. उजवीकडे वळवली, वाढली. डावीकडे वळवली, जवळजवळ बंद. शाळकरी पोरालाही कळलं असतं. परत येऊन डावं चाक उचललं, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरवलं. स्प्रिंगमधून कुरकुर थेट तळव्यात आली.

बाकी कशाला हात लावायचा नाही, असं लिहिलेलं होतं. मी लावला. संध्याकाळपर्यंत डावंही बदललं. त्याच्या बाहेरच्या रिंगवर बोटभर लांबीचा पापुद्रा उडाला होता. गाडी मग अशी चालली की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

पण सांगू काय? सांगितलं तर उस्ताद खोटे पडतात, आणि अकरा वर्षांनी उघडलेलं दार माझ्या तोंडावर आपटतं. नाही सांगितलं तर मी खोटा पडतो, आणि ते मरेपर्यंत म्हणत राहणार, बघ, मी न बघता सांगितलं होतं. खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, की तुझाही कान आहे. त्यासाठी त्यांना खाली पाडायला लागलं असतं, आणि ते मला जमेना.

सहाच्या सुमाराला उस्ताद आले. म्हातारे झाले होते. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, स्टिअरिंगवर बसले आणि म्हणाले, “बस.” मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो. गाडी साठला गेली. त्यांचा चेहरा खुलला.

“गेला बघ! म्हटलं नव्हतं, उजवंच?”

मी समोर बघत, धीर करून, हळूच म्हणालो, “उस्ताद, उजवं चांगलं होतं. डावं गेलं होतं. मी दोन्ही बदललीत.”

ते काही बोलले नाहीत. समोर बघत राहिले, चेहऱ्यावर तेच हसू. मला वाटलं, झालं, मनातून उतरलो. मग माझाही पारा चढला.

“तुमचं चुकलं, उस्ताद. चुकू शकतं माणसाचं. त्यात एवढं गप्प बसण्यासारखं काय आहे?”

तरी गप्प. वर शीळ घालायला लागले! मला कळेना, हा माणूस रागावलाय की माझी थट्टा करतोय.

तेवढ्यात डावीकडून एका स्कूटरवालीने हॉर्न दिला. जोरात, लांब. उस्तादांनी मानही वळवली नाही, इंडिकेटर दिला आणि सरळ डावीकडे घ्यायला लागले. मी ओरडलो आणि स्टिअरिंग धरून उजवीकडे ओढलं. स्कूटर आरशाला घासून पुढे गेली. त्या बाईने मागे वळून आम्हाला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी कडेला थांबली. उस्ताद पुढे गेलेल्या स्कूटरकडे बघत होते.

“ही कुठून आली?” ते म्हणाले. “हॉर्न उजवीकडून आला ना?”

मी खाली उतरलो, बॉनेटला वळसा घालून त्यांच्या खिडकीपाशी, उजव्या बाजूला गेलो आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “उस्ताद, डाव्या कानाने ऐकू येतं का तुम्हाला?”

हे त्यांनी ऐकलं.

“तीन आठवडे झाले,” ते म्हणाले. “एका सकाळी उठलो आणि कान बंद. मला वाटलं मळ असेल. फोनवर कोणी बोलेना, म्हणून तो दुरुस्तीला न्यायचा विचार होता.” फोन ते कायम डाव्या कानाला धरायचे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सगळंच उजवीकडून येतंय रे. घरात ही हाक मारते तीसुद्धा.”

दिवसभर मी या माणसाचा आकस मोजत बसलो होतो.

“तुम्ही इकडून उतरा. मी चालवतो. कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना अजून उघडा असेल.”

ते वाद घालतील असं वाटलं होतं. नाही घातला. निमूटपणे डाव्या सीटवर जाऊन बसले. आता त्यांचा उजवा कान माझ्याकडे होता. गाडी थोडी पुढे गेल्यावर म्हणाले, “मघाशी काय पुटपुटत होतास?”

मी सगळं सांगितलं. उजव्या चांगल्या बेअरिंगचं, डाव्या पापुद्र्याचं, वळणाचं.

“आणि तू गाडी न चालवता उजवं काढलंस?”

“तुम्ही लिहिलं होतंत म्हणून.”

“गाढव आहेस,” ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. रस्ता मोकळा होता, काटा साठवर गेला. उस्ताद पुढे वाकले, मान तिरपी केली, कपाळाला आठ्या पडल्या, आणि मग त्यांनी तो प्रयत्न सोडून दिला.

“आता कुठून आवाज येतोय का?” त्यांनी विचारलं.

मी नीट ऐकलं. “नाही.”

“नक्की?”

“नक्की, उस्ताद.”

“बरं,” ते सीटला टेकत म्हणाले. “तू म्हणतोस तर नसेल.”